साडेसोळा मिलिमीटरचा माणूस

ऑफिसात त्यांना सगळे माणूसकाका म्हणायचे, कारण इमारतींच्या चित्रांत माणसं उभी करायचं काम त्यांच्याकडे होतं. भिंती, खिडक्या, जिने हे सगळं पदवी घेतलेले लोक काढत. ते काढून झालं की कागद काकांच्या टेबलावर येई, आणि काका त्यात दोन-चार माणसं, तीन झाडं आणि एखादी गाडी घालून परत देत. एवढ्याशा कामाला अख्खा माणूस कशाला लागतो, असं आल्यागेल्याला वाटे. खुद्द काकांनाही पहिली दोन वर्षं तसंच वाटलं होतं.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की नुसती इमारत काढली तर ती केवढी आहे हे कुणालाच कळत नाही. चौकोनी भिंत, मध्ये दार, वर छप्पर. आता हे विहिरीवरचं पंपघर आहे की जिल्हा न्यायालय, सांगा बघू. खाली मापपट्टी छापलेली असते, पण ती आजवर छापणाऱ्याखेरीज कुणी वाचलेली नाही. दाराशी एक माणूस उभा केला की मात्र बघणारा लगेच मनातल्या मनात त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि मान वर करून छप्पर बघतो. काकांचं सगळं काम त्या एका मान वर करण्यासाठी होतं.

काकांचा माणूस पाच फूट पाच इंचांचा. हे माप त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी घरची आणि सासरची मिळून बावीस मोठी माणसं एकेक करून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी केली, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलीने खुणा केल्या आणि सरासरी काढली. सासऱ्यांनी टाचा उचलल्या होत्या, म्हणून त्यांचा दीड इंच वजा केला. सासऱ्यांनी ते पुढे बरीच वर्षं मनात ठेवलं. पण माप ठरलं ते ठरलं. एकास शंभर प्रमाणाच्या चित्रात तो माणूस साडेसोळा मिलिमीटर भरतो, आणि तीस वर्षांत काकांनी त्याला अर्धा मिलिमीटरही वाढू दिला नाही की घटू दिला नाही.

बाकीचे नियमही त्यांनी स्वतःच घडवले होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा देवळात असल्यासारखा होई. माणसं मोजकी. दोन एकत्र, एक वेगळा, एक दारातून आत शिरणारा. दारातला सगळ्यात महत्त्वाचा, कारण दाराची उंची तोच सांगतो. वरच्या मजल्यावर काचेमागे एखादा पुसट उभा केला की मजल्याचीही उंची कळते. कुणी हात हलवायचा नाही, फुगे धरायचे नाहीत, कुत्रा फिरवायचा नाही, कारण मग बघणारा कुत्राच बघत बसतो. झाड काढायचं तर नुसती कड, आतून पोकळ, इमारतीच्या रेघेपेक्षा बारीक रेघेत, म्हणजे मागची भिंत त्यातून दिसत राहते. खोड कधी खांबासमोर येऊ द्यायचं नाही, नाहीतर खांब कुठला आणि खोड कुठलं ते कळत नाही. गाडी एकच, कागदाच्या कडेला अर्धी कापलेली, दारापासून लांब. ही सगळी मंडळी इमारतीकडे पाहुणी म्हणून आली आहेत, त्यांनी बैठकीत तंगड्या पसरून बसायचं नाही, असं काका म्हणत.

साहेबांना हे नियम ठाऊक होते, पण मान्य नव्हते. साहेब म्हणजे ऑफिसचे मालक, आर्किटेक्ट, उंच, देखणे, आणि चित्र नेहमी सहा फुटांवरून डोळे बारीक करून बघणारे. जवळून त्यांनी शेवटचं चित्र कधी बघितलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. लांबून बघून ते एकच शब्द बोलत. "दम नाही," नाहीतर "दम आहे." त्या दमाच्या शोधात सगळं ऑफिस नाकी नऊ येईस्तोवर राबत असे.

त्या वर्षी ऑफिसात धाकटी आली. ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. कॉलेजातून नवी कोरी, कंप्युटरवर तिचा हात असा चाले की बघणाऱ्याला घेरी यावी. तिच्याकडे माणसांची आयती पेटी होती. त्यात चार हजार माणसं होती. सायकलवाली, छत्रीवाली, बाळाला खांद्यावर घेतलेली, उगाचच उडी मारणारी. बटण दाबलं की माणूस हजर. तिने पहिल्याच आठवड्यात एका दवाखान्याच्या चित्रात त्रेचाळीस माणसं, सोळा फुगे, एक लाल गाडी आणि पाखरांचा थवा घातला. दवाखान्याला जत्रेची कळा आली. साहेबांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "दम आहे!"

काका खुर्ची सरकवून तिच्या पडद्याजवळ गेले. हे समोरून काढलेलं सपाट चित्र नव्हतं, रस्त्यावर उभं राहून बघितल्यासारखं खोली असलेलं चित्र होतं.

"हा मागचा माणूस बघ," ते म्हणाले. "याची उंची किती?"

"लांब आहे ना तो काका, म्हणून लहान काढलाय."

"लहान काढलास, पण डोकं वर गेलं त्याचं. आपण बघतोय ते उभ्या माणसाच्या डोळ्यांतून. म्हणजे सपाट जमिनीवर जवळचा असो की लांबचा, उभ्या मोठ्या माणसाचं डोकं साधारण त्या एकाच आडव्या रेघेवर यायला हवं. लांब गेला की पाय वर सरकतात, डोकं नाही. याचं डोकं रेघेच्या कितीतरी वर आहे. हा बारा फुटी आहे. दवाखान्यात आलाय ते बरंच केलंय म्हणा."

धाकटी आधी रागावली, मग तिने रेघ आखून बघितली, मग ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बारा फुटी रुग्ण बघायला आले. त्या दिवसापासून ती काकांच्या टेबलाशी येऊन बसू लागली. फुगे गेले. पाखरं मात्र तिने हट्टाने दोन ठेवली, आणि काकांनीही ती चालवून घेतली.

दोघांचं असं छान चाललेलं असताना साहेबांनी एक दिवस काकांना केबिनमध्ये बोलावलं. जागा कमी पडतेय, असं ते म्हणाले. कंप्युटर आल्यावर माणसं घालायला दोन-दोन टेबलं कशाला, असं म्हणाले. "हे वाचनालयाचं काम होऊन जाऊ दे. मग एक टेबल हलवावं लागेल. कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको." काकांची निवृत्ती तीन वर्षांवर होती. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर आले, पण जागेवर बसल्यावर पेन्सिल कुठे ठेवली तेच त्यांना सापडेना. ती कानावर होती.

वाचनालयाचं काम म्हणजे गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत. एक मजली, बुटकी, समोर आठ फूट उंचीचा पोर्च, आत एक लांब दालन. समितीने सांगितलेल्या जागेत याहून मोठं काही बसतच नव्हतं. कामासाठी दुसऱ्या एका ऑफिसलाही विचारलं गेलं होतं आणि निवड चित्रं बघून होणार होती. साहेबांनी समोरच्या बाजूचं चित्र सहा फुटांवरून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दम नाही," ते म्हणाले. "पानाची टपरी वाटतेय. काका, माणसं जरा आवळा."

"आवळू म्हणजे?"

"लहान करा हो. साडेसोळाचे बारा करा. चारेक फुटांचा माणूस झाला की आठ फुटांचा पोर्च अकरा फुटांचा दिसेल. इमारत जिथल्या तिथे उठून उभी राहते की नाही बघा. कोण फूटपट्टी लावणार आहे?"

"साहेब, पण लोक आत जातील तेव्हा?"

"तोवर इमारत झालेली असेल ना," साहेब म्हणाले. त्यांनी धाकटीलाही तेच सांगितलं. तिने एका क्षणात एक भारदस्त गृहस्थ निवडून तो दाबून बारा मिलिमीटरचा केला आणि पेटीत "साहेबमाणूस" या नावाने ठेवून दिला. चेहरा मात्र तिने एरंडेल प्यायल्यासारखा केला होता. "आणि गाडी हवी," साहेब जाता जाता म्हणाले. "लांबलचक. गाडीशिवाय संस्था वाटत नाही."

त्या संध्याकाळी काका घरी आले ते मान खाली घालून. बायको भाजी निवडत होती. तीस वर्षं तिच्या नवऱ्याने तिला हातात पिशवी देऊन चित्रांतल्या निरनिराळ्या इमारतींसमोर उभं केलं होतं आणि त्यातल्या एकीत तरी चहा पाजला असेल तर शपथ. तिने त्याचं तोंड बघितलं आणि भाजी बाजूला ठेवली.

"काय झालं?"

काकांनी सगळं सांगितलं. टेबलाचं आधी सांगितलं आणि माणसाचं मागून, पण त्यांना जास्त लागलं होतं ते माणसाचं, हे तिला कळलं.

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"चार फुटी माणूस मी काढणार नाही. आणि नाही म्हणायची छाती नाही."

बायकोने भाजी पुन्हा पुढे ओढली. "पोरं काढा की मग," ती म्हणाली.

"काय?"

"पोरं. चार फुटीच असतात. वाचनालयात पोरं जात नाहीत का? तुम्ही खोटं बोललात असंही नाही, आणि साहेबांचंही मन राहिलं."

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी उरलेली भाजी स्वतः निवडली आणि अर्धी चांगली पानं फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा पोरं काढली. त्यात लबाडी नको म्हणून मोठा माणूस दाबून नाही, खरीखुरी सात-आठ वर्षांची पोरं काढली. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचं डोकं साडेसात वेळा बसतं, पोराच्या अंगात सहाच वेळा. काकांनी अकराही डोकी जपून मोठी काढली, खांदे अरुंद काढले, हात आखूड काढले. एक पोर दारातून आत शिरत होतं, दोघं एकमेकांच्या पुस्तकात डोकावत होती. झाडं तीनच. एक छपरामागे पुसट, एक कोपऱ्यात, एकाचा शेंडा कागदाच्या वर निघून गेलेला. दारासमोर काही नाही. कडेला साहेबांची लांबलचक गाडी, अर्धी, आणि तीही अगदी मापात, टपापर्यंत पावणेपाच फूट.

साहेबांनी सहा फुटांवरून डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. "याला म्हणतात दम!" ते म्हणाले आणि काकांची पाठ थोपटली. काकांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना चोरून गोड खाल्ल्यासारखं वाटलं. चित्रातली एकही रेघ खोटी नव्हती, आणि चित्र मात्र धडधडीत खोटं बोलत होतं. हे इतकं सोपं असेल असं त्यांना तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

समितीची बैठक जुन्या वाचनालयातच होती. भिंतीवर पांढरी चादर ताणून त्यावर प्रोजेक्टरने चित्र पाडायचं होतं. कंप्युटरपाशी साहेबांनी काकांना बसवलं, कारण पिकल्या केसांचा माणूस बसला की काम भरवशाचं वाटतं. धाकटी शेजारी बसली. समोर समिती होती. अध्यक्ष म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, शेजारी खजिनदार, जे सगळ्याला मान हलवत, आणि टोकाला टेलरमास्तर, ज्यांनी बसल्याबसल्या साहेबांच्या कोटाची बाही डाव्या हाताला अर्धा इंच लांब असल्याचं नजरेने हेरून ठेवलं होतं.

चादरीवर इमारत उमटली आणि खजिनदारांनी मान हलवली. साहेब अर्धा तास बोलले. ज्ञान, प्रकाश, भव्यता, पुन्हा प्रकाश. "पोर्च बघा," ते म्हणाले. "माणूस त्याच्यापुढे किती नम्र होतो बघा."

बाईंच्या कपाळाला आठी होती. टेलरमास्तर मात्र उठून चादरीजवळ गेले.

"ही गाडी खरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"अर्थात," साहेब म्हणाले.

"म्हणजे, खऱ्या गाडीएवढी आहे का?"

"अर्थातच!"

"मग ही माणसं गाडीच्या टपाच्या खालीच आहेत की सगळी. माझं डोकं गाडीच्या वर येतं, आणि मी काही ताडमाड नाही." ते आणखी जवळ गेले. "आणि डोकी बघा यांची. आयुष्यभर मापं घेतलीत, मोठ्या माणसाच्या खांद्याला एवढं डोकं नसतं. ही पोरं आहेत, बाई. आठ वर्षांची. शाळेचे गणवेश शिवतो तेव्हा असंच अंग असतं."

साहेबांनी वळून काकांकडे बघितलं, मग ते चादरीजवळ गेले, आणि बहुधा पहिल्यांदाच त्यांनी आपलं चित्र सहा फुटांच्या आतून बघितलं.

"पोरं छान आहेत," बाई सावकाश म्हणाल्या. "पण आमच्याकडे सकाळी पेपर वाचायला येतात ते सगळे माझ्या वयाचे. एक मोठा माणूस ठेवता येईल का हो दाराशी? म्हणजे कळेल."

"का नाही, का नाही," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःला सावरलं होतं. ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, तो आपला गृहस्थ ठेवा. पेटीतला. कळलं ना?" आणि मग फक्त काकांना ऐकू जाईल असं, "टेबल लक्षात आहे ना?"

काकांचा माणूसही धाकटीने पेटीत घालून ठेवला होता, आणि आता दोघं शेजारी शेजारी होते. साहेबमाणूस बारा मिलिमीटरचा आणि काकांचा साडेसोळाचा. काकांच्या बोटाखाली बटण होतं. त्यांना टेबल दिसत होतं. रिकामं. त्यांना हेही दिसत होतं की इथून पुढे पळवाट नाही. पोरं काढून झाली. आता मोठा माणूस काढायचा होता, आणि मोठा माणूस एक तर खरा असतो, नाहीतर नसतो. शेजारी धाकटीने फक्त आपली खुर्ची तसूभर काकांच्या बाजूला सरकवली.

काकांनी आपला माणूस उचलला आणि दाराशी ठेवला.

त्या क्षणी चादरीवर जे झालं ते साहेब जन्मभर विसरणार नव्हते. इमारत बसली. भिंतीची एक रेघ हलली नव्हती, छप्पर जिथल्या तिथे होतं, पण सगळी इमारत एकदम खाली आली, जसा पाहुण्यांपुढे छाती काढून उभा असलेला यजमान ते गेल्यावर पाटावर टेकतो. पोर्च माणसाच्या डोक्यावर अडीच-पावणेतीन फूट उरला. भव्यता गेली, नम्रता गेली, उरलं ते एक बुटकं, लांबट, ओळखीचं घर. साहेबांनी डोळे मिटले.

"हां," टेलरमास्तर म्हणाले. "आता माप कळलं."

"एवढीशीच आहे होय?" बाईंनी विचारलं.

उत्तर काकांनीच दिलं. "एवढीच आहे, बाई. पोर्च आठ फूट. मी पोरं घातली म्हणून मोठी वाटली. चूक माझी आहे."

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि कपाळाची आठी सुटली. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मी अर्धा तास विचार करतेय की तुम्हाला नाही कसं म्हणायचं. एवढ्या मोठ्या दारातून आत जायचं म्हणजे माणसाला काहीतरी कारण लागतं. आमचे लोक नुसते पेपर चाळायला येतात, कुणी गरम होतं म्हणून पंख्याखाली येतं. ते या पायरीवरून परत गेले असते. दुसऱ्या ऑफिसचं चित्र बघितलंत का? राजवाडा आहे नुसता, आणि समोर एक माणूस नाही." त्या चादरीकडे बघत होत्या. "यात मी जाईन."

खजिनदारांनी मान हलवली, आणि या वेळी त्या मानेला अर्थ होता.

साहेबांना सावरायला दोन सेकंद लागले, तेवढं त्यांचं कौतुक करायलाच हवं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, मी माझ्या लोकांना नेहमी हेच सांगतो. माणूस हेच इमारतीचं माप!" धाकटीला खोकल्याची एवढी उबळ आली की तिला बाहेर जावं लागलं.

आठवड्याभराने समितीचं पत्र आलं. काम दिलं होतं, आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात एक अट होती. यापुढच्या प्रत्येक चित्रात माणसं, झाडं आणि वाहनं त्या दिवशी आलेल्या वयस्कर गृहस्थांनीच घालावीत. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना रागवायचं होतं, पण मिळालेल्या कामावर रागवायचं कसं हे त्यांना जमेना. टेबल हलवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. निघणार नाही असंही कुणी म्हणालं नाही. काकांनी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पोरं काढा म्हटलं ते माझं चुकलंच." काका म्हणाले, "नाही, ते मला हवं होतं म्हणून मी ऐकलं." आणि त्यांना खरोखर लाज वाटली, कारण ती अकरा पोरं त्यांनी मन लावून काढली होती.

साहेब मात्र या प्रकरणातून एक धडा शिकले. लोकांना आता भव्य आवडत नाही, हा तो धडा. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या संस्थेच्या पाच मजली मुख्य कार्यालयाचं काम आलं. खरोखर अवाढव्य इमारत, रस्त्यावरून बघितली तर टोपी पडावी. साहेब ते चित्र घेऊन स्वतः काकांच्या टेबलापाशी आले, सहा फुटांवर उभे राहिले आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"दम जास्त आहे," ते म्हणाले. "हल्ली घरगुती हवं असतं सगळ्यांना. काका, माणसं जरा वाढवा. सव्वासहा फूट करा. म्हणजे इमारत आपोआप खाली येईल."

ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले. काकांना पेन्सिल सापडत होती, ती हातातच होती. या वेळी त्यांनी पोरांचा विचार केला नाही. पहिलवान काढावेत, असं क्षणभर मनात आलं आणि त्यांनी ते काढून टाकलं.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "माणूस पाच फूट पाच इंचांचाच राहील. मी या टेबलावर असलो तर."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. धाकटी आपल्या पडद्याकडे बघत म्हणाली, "माझ्या पेटीतले पण सगळे आता तेवढेच केलेत मी." बाईंच्या अक्षरातलं ते पत्र साहेबांना आठवलं असावं.

"बरं, बरं," ते म्हणाले. "माणूस राहू दे. मग झाडं मोठी करा. चांगली चार मजली. झाडाला तर काही माप नसतं ना? ते वाढतं."

झाड वाढतं, हे खरंच होतं. कंत्राटदार इमारतीसमोर हातभर रोप लावतो आणि चित्रात त्याचा वटवृक्ष असतो, हे या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. खुद्द काकांनीही आजवर काढलेली झाडं कुठली दोन फुटी होती? त्यांनी तीस वर्षं माणूस डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता आणि झाडाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. हे साहेबांच्या तोंडून कळावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"काढतो," ते शेवटी म्हणाले. "चार मजली काढतो. पण खाली लिहीन, झाड पंचवीस वर्षांनंतरचं आहे म्हणून."

"लिहायलाच हवं का?"

"हवं, साहेब."

साहेब सहा फुटांवरून दोन फुटांवर आले, चष्मा लावला आणि झाडाच्या जागेकडे बोट करून म्हणाले, "आणि लावतो त्या दिवशी केवढं असेल?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा असावी असं वाटलं, पण नव्हती. त्यांनी मापपट्टी घेतली, कागदावर सहा मिलिमीटर मोजले आणि मुख्य कार्यालयाच्या पायाशी एक रोप काढलं. पाच मजल्यांसमोर ते जेमतेम दिसत होतं. दोघंही ते वाकून बघत राहिले.